सायकलचा तोल हँडलात असतो

चालती सायकल का पडत नाही, असं विचारलं की बहुतेक जण चाकांकडे बोट दाखवतात. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, तशीच फिरती चाकं सायकलला उभी धरतात, असं उत्तर मिळतं. फिरत्या वस्तूला आपल्या आसाची दिशा सहजी बदलू द्यायची नसते, हे खरंच आहे. त्यामागच्या राशीला कोनीय संवेग म्हणतात आणि सायकलच्या चाकांत तो असतोच. पण माणसासकट सायकल तोलायला तो पुरतो का?

हिशोब करून पाहू. स्वार आणि सायकल मिळून वजन 80 किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून 1 मीटरवर आणि वेग ताशी 18 किलोमीटर. साध्या दणकट सायकलचं एक चाक टायर-ट्यूबसकट 2 किलोंचं धरू. सायकल डावीकडे 5 अंश कलली आहे. स्वाराने हँडल डावीकडेच जेमतेम 2 अंश वळवलं, तर सायकल सुमारे 29 मीटर त्रिज्येच्या वळणाला लागते आणि वळणात बाहेर ढकलणारा जोर त्या कलण्याला पुरा पडतो. याच वळणात दोन्ही चाकांच्या फिरण्याची मदत मोजली, तर ती गरजेच्या दोन टक्क्यांइतकीही भरत नाही. केवळ चाकांच्या जिवावर सायकल सावरायची म्हटलं, तर तिला सेकंदाला दीड गिरकी घ्यावी लागेल!

सावरण्याचं काम हँडल करतं. सायकल ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला पुढचं चाक वळतं आणि दोन्ही चाकं पडू पाहणाऱ्या वजनाखाली येतात. नवशिका घाबरून हँडल उलट बाजूला ओढतो, म्हणून पडतो. सरावलेल्या माणसाचे हात ही दुरुस्ती सतत, नकळत करत असतात. ओल्या चाकांनी कोरड्या रस्त्यावर सायकल सरळ चालवा आणि मागे वळून चाकोऱ्या पाहा. मागच्या चाकाची रेघ बरीच सरळ दिसते. पुढच्या चाकाची मात्र तिच्या दोन्ही बाजूंना नागमोडी जाते. हँडल जाम करून टाकलं, तर चाकं कितीही जोरात फिरोत, सायकल कोसळणारच. म्हणूनच हँडलखालचे बॉल-कप फार कसले गेले की सायकल सरळ रेषेत चालवणंही जिकिरीचं होतं.

डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे करून पाहिलं आणि 1970 साली त्यावर लेख लिहिला. त्याने पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारं आणखी एक चाक बसवलं आणि ते उलटं फिरवून पहिल्याचा कोनीय संवेग जवळजवळ रद्द केला. तरीही ती सायकल त्याला सहज चालवता आली. मात्र स्वाराविना ढकलून सोडली की ती लवकर पडे, आणि जादा चाक सुलट फिरवलं की बराच वेळ टिके. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. चाकाचं फिरणं सायकलला थेट उभं धरत नाही. सायकल कलली की ते पुढचं चाक कलत्या बाजूला वळवायला हातभार लावतं. म्हणजे तिथेही सावरणं होतं ते वळण्यातूनच, आणि हँडलवर माणसाचे हात असले की ही मदत नसली तरी चालते.

स्वाराविना चालणाऱ्या सायकललाही ही मदत लागतेच असं नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2011 साली एक विचित्र छोटी सायकल जगापुढे ठेवली. तिच्या चाकांचं फिरणं उलट्या चाकांनी रद्द केलेलं होतं. शिवाय एरवी पुढचं चाक हँडलच्या आसाची रेषा जमिनीला भेटते तिथून थोडं मागे टेकतं. इथे ते किंचित पुढे टेकत होतं. तरी योग्य वेगाने ढकलली की ती आपली आपण सावरायची. तिच्या पुढच्या भागाचं वजन खाली आणि हँडलच्या आसाच्या पुढे होतं. बुटकी वस्तू उंच वस्तूपेक्षा लवकर कलंडते, त्यामुळे पुढचा भाग मागच्याआधी पडू लागे आणि पडता पडता हँडल त्याच बाजूला वळवत असे.

वळण घेतानाही हाच नियम उलट बाजूने दिसतो. उजवीकडे वळायचं तर आधी उजवीकडे कलायला हवं, आणि त्यासाठी पुढचं चाक क्षणभर डावीकडे जावं लागतं. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो. चाक फुटपाथच्या कठड्याला अगदी चिकटून चाललं असेल, तर ही डावीकडची वीतभर जागाच उरत नाही. घाबरून हँडल थेट उजवीकडे ओढलं की चाकं अंगाखालून उजवीकडे निघून जातात, अंग डावीकडे कलतं आणि माणूस नेमका ज्या कठड्यापासून दूर व्हायला पाहत होता, त्याच्यावरच पडतो.