साहेब, खोली बदलून मिळेल का?

गेल्या ऑगस्टमध्ये आईला घेऊन रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठच्या एका हॉटेलात तीन रात्रींसाठी गेले होते. खोली पहिल्या मजल्यावर, 106 नंबरची. बुकिंगच्या पावतीवर ‘सी व्ह्यू’ असं स्पष्ट लिहिलेलं, आणि त्यापायी रात्रीला सहाशे रुपये जास्त भरलेले. पडदा सरकवला तर समोर बांबूची परांची आणि तिच्यावर निळी ताडपत्री. समुद्राचा फक्त आवाज येत होता, आणि पाच मिनिटांत तोही बंद झाला, कारण कुठेतरी भिंत फोडायला ब्रेकर सुरू झाला. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरायला लागलं.

मी सात वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर काम केलं आहे. म्हणून आईला आधी एवढंच सांगितलं, "पलंगावर बसू नकोस, इथलं बाथरूमही वापरू नकोस. आपण खाली लॉबीत जाऊन बसू." एकदा वापरलेल्या खोलीत हाउसकीपिंगला पुन्हा चादरी, टॉवेल, बाथरूम सगळं करावं लागतं. त्यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि तेवढा वेळ ती खोली कोणाला देता येत नाही. न वापरलेली खोली मात्र लगेच परत घेता येते. पाहुण्याने बॅगा उघडून, चहा पिऊन, आंघोळ करून मग तक्रार केली की आमचं काम दुप्पट व्हायचं, हे मला चांगलं आठवतं.

खाली जाण्याआधी आणखी एक गोष्ट केली. खिडकी घट्ट लावून घेतली आणि भिंतीवर तळहात ठेवला. फरशी कापायच्या कटरचा आवाज हवेतून येतो, त्यामुळे खिडकी लावली की तो बराच कमी होतो. अशा वेळी इमारतीच्या दुसऱ्या बाजूची खोली मिळाली तरी काम भागतं. ब्रेकरचं तसं नाही. त्याचा हादरा स्लॅब आणि कॉलममधून पसरतो, खिडकी लावून काही फरक पडत नाही, आणि भिंत हाताला कापताना जाणवते. तो एकाच सांगाड्याच्या इमारतीत दोन मजले वर गेलं तरी पाठ सोडत नाही. अशा वेळी शेजारची खोली मागून उपयोग नसतो, मागायची ती वेगळ्या इमारतीतली. आमची भिंत कापत होती.

घड्याळात साडेबारा वाजले होते. ही वेळ महत्त्वाची आहे. बहुतेक हॉटेलांत सकाळी दहा-अकराला खोल्या रिकाम्या होतात आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास नवे पाहुणे येतात. मधल्या दोन-तीन तासांत खोल्या साफ होत असतात आणि आज कोणाला कुठली द्यायची याची यादी रिसेप्शनवर हलवता येते. संध्याकाळी सातला तीच विनंती केली तर खोल्या दिलेल्या असतात, आणि समोरच्या माणसाची कितीही इच्छा असली तरी त्याच्या हातात किल्ली नसते. रात्री उशिरा पोहोचलात आणि काहीच रिकामं नसेल, तर "उद्या चेकआउट होणाऱ्यांपैकी एक खोली आमच्या नावावर आत्ताच ब्लॉक करून ठेवाल का?" असं विचारावं. सकाळी नवी शिफ्ट येते, तेव्हा रात्रीचं बोलणं कॉम्प्युटरवर नोंदलेलं असलं तरच टिकतं.

काउंटरवर पंचविशीतला एक मुलगा होता. त्याला म्हटलं, "नमस्कार दादा. 106 मध्ये आम्ही आत्ताच आलोय, खोली अजून वापरलेली नाही. भिंतीत ब्रेकर चालू आहे आणि समोर ताडपत्री आहे. आई बहात्तर वर्षांची आहे, तिला दुपारी थोडं पडावं लागतं. त्या पलीकडच्या इमारतीत खोली मिळेल का? समुद्र दिसला तर उत्तम, नाहीतर बागेकडची चालेल. फक्त जिना कमी हवा."

तक्रार दोन वाक्यांत आटोपली, बाकीचं बोलणं काय चालेल यावर होतं. ‘चांगली खोली द्या’ म्हटलं की त्या मुलाला यादीत काय शोधायचं तेच कळत नाही. पाहुण्याने पर्याय दिला की त्याला शोधता येतं. बांधकाम त्याने काढलेलं नसतं, ते थांबवणंही त्याच्या हातात नसतं, पण खोल्यांची यादी मात्र त्याच्यासमोर असते.

तो म्हणाला, "मॅडम, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये सी व्ह्यू फुल आहेत. तळमजल्यावर गार्डन साइडची एक आहे." मी ड्यूटी मॅनेजरांना बोलवायची विनंती केली. वरच्या दर्जाची खोली त्याच दरात देणं किंवा पैसे कमी करणं हे रिसेप्शनवरच्याच्या अधिकारात सहसा नसतं, त्यामुळे त्याच्यावर आवाज चढवून काही मिळत नाही. मॅनेजर आल्यावर पावती दाखवली. इथे एक फरक लक्षात घ्यावा. पावतीवर ‘सी व्ह्यू’ लिहून पैसे घेतले असतील तर समुद्र दिसणं हा तुमचा हक्क आहे. साधी खोली घेतली असेल तर ती विनंती आहे. सूर दोन्हीकडे नरमच असावा, पण पहिल्या बाबतीत मागे हटायचं कारण नाही. आमचं ठरलं ते असं: बागेकडची खोली, रात्रीचे सहाशे याप्रमाणे अठराशे रुपये बिलातून कमी, आणि तिसऱ्या दिवशी समुद्राकडची रिकामी झाली तर पहिला हक्क आमचा. मॅनेजरांनी ते माझ्या मोबाइलवर मेसेज करून पाठवलं. आम्ही पैसे थेट हॉटेलला भरायचे होते म्हणून हे सोपं गेलं. बुकिंगच्या साइटवर आधीच पैसे भरले असतील तर परतावा तिथूनच येतो, आणि साइटवाले हॉटेलची संमती विचारतात. ती संमती तिथेच ईमेलवर घ्यावी.

हो म्हणण्याआधी नवी खोली जाऊन पाहिली. दार लावून दोन मिनिटं शांत उभी राहिले. पलीकडे जनरेटर किंवा स्वयंपाकघराचा मोठा पंखा निघाला, तर एक त्रास सोडून दुसरा गळ्यात यायचा. तसं काही नव्हतं. काम रोज किती ते किती चालणार हेही विचारून घेतलं: सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायला ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी बंदी आहे. दिवसाच्या कामाबाबत मात्र पाहुण्याला बोलूनच मार्ग काढावा लागतो. शेजारच्या प्लॉटवर दुसऱ्याच कोणाचं काम असेल, तर हॉटेल ते थांबवू शकत नाही. तरीही खोली बदलू शकतं, किंवा उरलेल्या रात्री दंड न लावता सोडू शकतं. खोली नसेलच, तर हे मागावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला फोन आला. समुद्राकडची 203 रिकामी झाली होती. आईला एक जिना चढावा लागला, पण ती हसत चढली आणि संध्याकाळपर्यंत खिडकीतून हलली नाही.

कोकणात आणि गोव्यात हॉटेलांची डागडुजी पावसाळ्यात, पाहुणे कमी असताना काढतात. जून ते सप्टेंबरमध्ये स्वस्तात खोली मिळते तेव्हा पैसे भरण्याआधी हॉटेलला थेट फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: आवारात किंवा शेजारी काम चालू आहे का, आणि खिडक्यांवर ताडपत्री आहे का?