पाकिटावरचा भाव आणि किलोचा भाव

महिन्याच्या सामानासाठी हल्ली दुकानदाराला भाव विचारले, की तो वहीतल्या पानाचा फोटो पाठवतो. दुसऱ्या दुकानातून आणखी एक फोटो येतो. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, की नजर साहजिकच लहान आकड्याकडे जाते. पण त्या आकड्यांमागे वजने वेगवेगळी असतात. कुठे ४०० ग्रॅम, कुठे ९०० ग्रॅम, कुठे लिटर तर कुठे किलो. सगळे भाव एकाच मापावर आणल्याशिवाय स्वस्त काय आणि महाग काय, हे ठरवताच येत नाही.

हा हिशोब आपण का करायचा, तो पाकिटावर छापलेला असतोच की, असे कुणी म्हणेल. ते बऱ्याच अंशी खरे आहे. वेष्टनबंद वस्तूंसाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. २०२१ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली आणि कमाल किमतीबरोबर एका मापाचा दरही छापणे बंधनकारक ठरले. पाकीट एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅममागे द्यायचा आणि जास्त असेल तर किलोमागे. द्रवपदार्थांना हाच नियम मिलिलिटर आणि लिटरच्या हिशोबाने लागतो. पण या छापील दराला दोन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा अशी, की तो कमाल किमतीवरून काढलेला असतो. दुकानदार सवलत देऊन ज्या भावाने वस्तू विकतो, त्याच्याशी त्या दराचा संबंध नसतो. दुसरी मर्यादा लक्षात यायला थोडा वेळ लागतो. दर दशांश चिन्हानंतर दोनच अंकांपर्यंत छापतात. समजा, पोह्यांचे ४०० ग्रॅमचे पाकीट ३७ रुपयांना आहे आणि ९०० ग्रॅमचे ७७ रुपयांना. ग्रॅममागचा दर काढून दोन अंकांवर आणला, तर दोन्हींवर ०.०९ रुपये असेच येईल. किलोचा भाव काढला, की पहिले ९२ रुपये ५० पैशांना पडते आणि दुसरे सुमारे ८५ रुपये ५० पैशांना. किलोमागे सात रुपयांचा फरक त्या दोन अंकांत गडप होतो. केशर-वेलदोड्यासारख्या महाग वस्तूंना याने फारसे बिघडत नाही. पोहे, मीठ, रवा, साखर यांसारख्या स्वस्त वस्तूंच्या बाबतीत मात्र ग्रॅमच्या दरावर विसंबून चालत नाही.

म्हणून किलोचा दर स्वतःच काढावा. रीत सोपी आहे. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार. नेहमीच्या वजनांना तर कागदही लागत नाही. २०० ग्रॅम असेल तर किमतीची पाचपट, २५० असेल तर चौपट, ४०० असेल तर अडीचपट. ९०० ग्रॅमच्या किमतीत तिचाच नववा भाग मिळवला, की किलोचा भाव हाती येतो.

आता एक यादी घेऊ. भाव उदाहरणापुरते आहेत. चहा पावडर २५० ग्रॅम १३५ रुपये आणि तीच पावडर ५०० ग्रॅम २८० रुपये. मोठा पुडा स्वस्तच पडणार असे आपण धरून चालतो. पण लहान पुड्याचा किलोचा दर ५४० रुपये येतो आणि मोठ्याचा ५६०. लहान पुड्यावर सवलत चालू असली, की असे होते. दोन लहान पुडे घेतले तर तेवढीच चहा पावडर दहा रुपयांनी कमी पडते.

खरी गोम तेलात आहे. एका दुकानाच्या यादीत १५ किलोचा डबा २४६० रुपयांना आहे, दुसऱ्याच्या यादीत १५ लिटरचा २३१० रुपयांना. दुसरा दीडशे रुपयांनी स्वस्त दिसतो. पण खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते. पहिल्या डब्याचा भाव किलोला १६४ रुपये पडतो, दुसऱ्याचा सुमारे १६९. कमी किमतीचा डबाच महाग निघाला. तेलाच्या पिशव्यांनाही हेच लागू आहे. काही पिशव्या एक लिटरच्या असतात, काही ८५० ग्रॅमच्या, आणि कपाटात शेजारी ठेवल्या तर दोन्ही सारख्याच वाटतात.

हस्तलिखित यादीच्या फोटोत नेमकी इथेच चूक होते. घाईत लिहिलेले ‘कि.’ आणि ‘लि.’ पुसट फोटोत एकमेकांसारखे दिसतात. तेलासमोर काय लिहिले आहे याची शंका आली, तर हिशोब करण्याआधी दुकानदाराला विचारावे. फोनने फोटोतला मजकूर आपोआप उचलला असेल, तर आकडेही तपासावे लागतात. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. दशांशाचा ठिपका तर सहज हरवतो. चूक पकडायला किलोचा दरच उपयोगी पडतो. १३५ चे ९३५ झाले, तर चहाचा भाव किलोला ३७४० रुपये दिसेल. एकाच मालाच्या दोन पाकिटांच्या दरात दीडपटीहून जास्त तफावत आली, तर आनंदण्याआधी मूळ फोटो पुन्हा पाहावा. बहुतेक वेळा वाचण्यातच चूक झालेली असते.

दुकानात स्वतः फोटो काढत असाल, तर फळीवरची किमतीची चिठ्ठी आणि पाकिटावरचे निव्वळ वजन एकाच फोटोत येऊ द्यावे. फोन पाकिटाला समांतर धरावा, आणि प्लास्टिकवर दिव्याची चमक येत असेल तर पाकीट थोडे तिरके करावे. नुसत्या किमतीचा फोटो घरी आल्यावर निरुपयोगी ठरतो, कारण वजन आठवणीतून लिहिले की ९०० ग्रॅमचे एक किलो होऊन बसते.

किलोचा दर सगळ्याच वस्तूंना पुरत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. कपडे धुण्याची एक पावडर किलोला १२० रुपये आहे आणि एका धुण्याला ६० ग्रॅम लागते. दुसरी २२० रुपयांची आहे, पण ३० ग्रॅम पुरते. पहिलीने एका धुण्याला सात रुपये वीस पैसे पडतात, दुसरीने सहा रुपये साठ पैसे. अशा वेळी माप किलोचे न धरता धुण्याचे धरावे. आणि जे संपायच्या आत खराब होते, त्याचा दर जेवढे वापरात आले तेवढ्यावरच काढावा. १० किलो पीठ स्वस्त मिळाले आणि त्यातले दोन किलो किडीमुळे टाकावे लागले, तर ते आठच किलोच्या भावाने पडले.

यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी हा खटाटोप करण्याची गरज नाही. जिरे-मोहरीत पाच टक्के वाचले तरी महिन्याचे चार रुपये होतात. तेल, डाळ, तांदूळ, चहा आणि धुण्याची पावडर यांत बराच पैसा जातो, म्हणून आधी त्यांचे दर काढावेत. आपल्या घरचे हे पाच दर वहीच्या एका पानावर तारखेसह लिहून ठेवले, तर पुढच्या महिन्यात यादीचा फोटो आला, की भाव खरोखर उतरला आहे की फक्त पाकीट लहान झाले आहे, हे लगेच कळते.