शुद्ध वाक्य, पण अर्थ वेगळाच

इंग्रजीच्या पेपरात वाक्यरूपांतराला गुण जातात तेव्हा पुष्कळदा उत्तर व्याकरणाने शुद्धच असतं. फक्त ते मूळ वाक्यापेक्षा वेगळं काहीतरी सांगत असतं.

केंब्रिजच्या 'बी-टू फर्स्ट' परीक्षेत असे 6 प्रश्न येतात. एक पूर्ण वाक्य, त्याखाली त्याच अर्थाचं पण मध्ये रिकामी जागा असलेलं दुसरं वाक्य आणि एक ठरावीक शब्द. तो शब्द न बदलता 2 ते 5 शब्दांत जागा भरायची. समजा, वाक्य आहे 'आय हॅवन्ट सीन मीना फॉर थ्री इयर्स' आणि दिलेला शब्द आहे 'लास्ट'. खालचं वाक्य 'इट इज थ्री इयर्स' असं सुरू होतं आणि 'मीना'वर संपतं. मनात चटकन येतं, तीन वर्षांपूर्वी मीना भेटली होती. पण तेवढ्याने भागत नाही, कारण ती नंतर कालही भेटलेली असू शकते. मूळ वाक्य सांगतं की त्यानंतर भेटच नाही. म्हणून उत्तर 'सिन्स आय लास्ट सॉ'.

हीच तपासणी सगळीकडे लावता येते. पहिलं वाक्य खरं असताना दुसरं खोटं ठरेल असा एखादा प्रसंग सुचतो का? मग उलट बाजूनेही तसंच पाहायचं. एकही प्रसंग सुचला, तर अर्थ बदलला.

प्रयोग बदलताना काळ असाच निसटतो. 'दे आर बिल्डिंग अ ब्रिज' याचं 'अ ब्रिज इज बीइंग बिल्ट' होतं. मधलं 'बीइंग' गाळलं, की काम चालू असल्याची खूणच जाते.

अप्रत्यक्ष कथनात नियम डोळे मिटून लावणं सर्वांत महागात पडतं. 'मस्ट'चं 'हॅड टू' करायचं, असं मुलं पाठ करतात. 'यू मस्ट गो' असं डॉक्टर म्हणाले, तर ते बरोबर आहे, कारण तिथे सक्ती आहे. पण 'शी मस्ट बी इल' हा अंदाज आहे. त्याचं 'हॅड टू बी इल' केलं, तर तिला आजारी पडणं भागच होतं, असा अर्थ निघू शकतो. इथे 'मस्ट' तसंच ठेवावं. म्हणजे नियम आठवण्याआधी बोलणारा सक्ती करतोय की अंदाज बांधतोय, हे ठरवायला हवं.

'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' हेही असंच. निरोप त्याच दिवशी सांगितला, तर उद्या हा उद्याच राहतो. प्रश्नात दिवस दिलेला नसेल, तर निरोप नंतर सांगितला असं गृहीत धरण्याचा प्रघात आहे. दिवस दिला असेल, तर मात्र त्यालाच धरून चालायचं.