७२ तासांच्या आत दोन गोळ्या

शनिवारी रात्री कंडोमशिवाय संबंध आला, तर मंगळवार रात्रीच्या आत डॉक्सिसायक्लिनच्या १०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एकदम घ्यायच्या. जितक्या लवकर, तितकं चांगलं. पण २४ तासांत २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. पेलाभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते.

सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलमधल्या चाचणीत या उपायाने सिफिलिस आणि क्लॅमिडिया खूपच कमी झाले. २०२४मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, पण सरसकट सगळ्यांसाठी नाही. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्रिया, ज्यांना गेल्या वर्षभरात सिफिलिस, क्लॅमिडिया किंवा गनोरिया झाला होता, त्यांच्यासाठी. केनियातल्या तरुण स्त्रियांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. केसांच्या तपासणीवरून कळलं, की अनेकींनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या. म्हणजे औषध स्त्रियांवर चालत नाही, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही.

खरी काळजी गनोरियाची आहे. त्याच्या अनेक जंतूंना हे औषध आधीच जुमानत नाही, त्यामुळे तिथे संरक्षण कमी मिळतं. वारंवार वापराने असेच जंतू टिकून वाढतात, शिवाय नाकात-त्वचेवर राहणाऱ्या स्टॅफिलोकोकसमध्येही प्रतिकारशक्ती येऊ शकते. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी हवीच. एचआयव्ही या गोळ्यांनी टळत नाही. गरोदर असाल तर त्या घेऊ नका, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने तर मुळीच नको.