एक स्टिक, दोन टीव्ही

हॉलमध्ये नवा फोर-के टीव्ही, आतल्या खोलीत जुना फुल एचडी. एकच स्ट्रीमिंग स्टिक दोन्हीकडे दिसावी म्हणून एचडीएमआय स्प्लिटर जोडला, चित्र दोन्हीकडे आलं. पण हॉलमधला टीव्ही आता 2160 ऐवजी 1080 रेषांचंच चित्र दाखवतो. रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं की बहुतेक टीव्हींवर हा आकडा दिसतो.

स्प्लिटर यात बिघडलेला नसतो. प्रत्येक टीव्ही आपल्याला काय झेपतं याची यादी केबलमधून पाठवतो. तिला ईडीआयडी म्हणतात. स्टिक मात्र एका वेळी एकच सिग्नल देते. त्यामुळे साधा स्प्लिटर दोन्ही याद्यांतलं सामाईक तेवढंच तिला कळवतो. काही स्प्लिटरवर फक्त पहिल्या टीव्हीची यादी पुढे पाठवण्याचं बटण असतं. ते वापरलं तर हॉलमध्ये फोर-के येतं, पण आतला पडदा काळा होतो.

दुसरी अट एचडीसीपी या कॉपीसंरक्षणाची. फोर-के चित्रपटांना साधारणपणे त्याची 2.2 आवृत्ती लागते आणि जुन्या टीव्हीत ती नसते.

म्हणून खरेदी करताना ‘डाउनस्केलर’ असलेला, एचडीसीपी 2.2 चालणारा स्प्लिटरच मागावा. तो जुन्या टीव्हीकडे जाणारं चित्रच तेवढं 1080 वर आणतो. गेमिंग कन्सोलसाठी 120 हर्ट्झ हवे असतील, तर स्प्लिटरवर एचडीएमआय 2.1 आणि 120 हर्ट्झ दोन्ही स्पष्ट लिहिलेले असावेत. नाहीतर 60 वरच थांबावं लागतं.