ईएसआयचा दवाखाना: अम्मीचं नाव कार्डात आहे का?

पगाराच्या पावतीत ‘ईएसआय’ नावाची कपात दिसते, पण तिचं काय होतं ते घरात फार कुणी विचारत नाही. दवाखान्याची वेळ आली की मग धावपळ होते. म्हणून एका उदाहरणावरून आम्ही हे सांगतो.

समजा, सलीम भिवंडीच्या गोदामात कामाला आहे, पगार 18,000 रुपये. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर ही योजना लागू होते. सलीमच्या पगारातून 0.75 टक्के म्हणजे 135 रुपये कापले जातात, मालक स्वतःचे 3.25 टक्के म्हणजे 585 रुपये भरतो. या पैशातून फक्त सलीमवर नाही, घरच्यांवरही उपचार होतात. बायको आणि अवलंबून असलेली लहान मुलं यात येतात. शिकणारा मुलगा 21 वर्षांपर्यंत, मुलगी लग्न होईपर्यंत. आई-वडिलांचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला 9,000 रुपयांच्या आत असेल आणि ते त्याच्यावर अवलंबून असतील, तर तेही.

अडचण इथेच होते. नोकरी लागताना घाईघाईत फॉर्म भरला, आणि अम्मीचं नावच टाकलं नाही. मग अम्मीला घेऊन गेल्यावर नोंदच सापडत नाही. ई-पहचान कार्डाची छापील प्रत काढून त्यावरची नावं आजच तपासा. नाव राहिलं असेल, चुकलं असेल किंवा घरात नवीन बाळ आलं असेल, तर मालकाकडून किंवा ईएसआयच्या शाखा कार्यालयातून आधार आणि फोटो देऊन दुरुस्ती करून घ्या.

सलीमची अम्मी आणि बायको सोलापूरला राहतात. त्यांना भिवंडीला आणायची गरज नाही. घरच्यांसाठी तिथला दवाखाना वेगळा नोंदवता येतो.

आता उपचाराचा क्रम. साध्या आजारासाठी आधी कार्डावर लिहिलेल्या ईएसआय दवाखान्यात किंवा पॅनलवरच्या खाजगी डॉक्टरकडे जायचं. गरज पडली तर ते ईएसआयच्या रुग्णालयाकडे चिठ्ठी देतात. तिथे सोय नसेल, तर रुग्णालय करार असलेल्या खाजगी हॉस्पिटलकडे पाठवतं आणि बिल योजनाच भरते. मात्र चिठ्ठीशिवाय परस्पर तिथे गेलात, तर बिल तुमच्याच अंगावर येऊ शकतं.

छातीत जोरात दुखतंय, मोठा अपघात झालाय, अशा वेळी चिठ्ठीची वाट बघू नका. जवळच्या हॉस्पिटलात जा, ईएसआयला लगेच कळवा. सगळी बिलं, रिपोर्ट आणि डिस्चार्जचा कागद जपून ठेवून परताव्याचा अर्ज करा. परतावा सरकारी दरानेच मिळतो, त्यामुळे खाजगी बिलाचे सगळेच पैसे परत येतील असं धरून चालू नका.