ती बारा मिनिटं कोणाची?

सकाळी १०:१० ला एका प्रकाशकाच्या दिवाळी अंकाची पानं लावायला घेतली. १०:५० ला दागिन्यांच्या दुकानातून फोन आला, "अहो, त्या जाहिरातीत पत्ता जुनाच राहिलाय." बोलणं आणि दुरुस्ती मिळून १२ मिनिटं गेली. मग पुन्हा पानं, ती ११:३५ पर्यंत.

बरीच वर्षं मी याची नोंद रात्री जेवण झाल्यावर करायचो. अंकाच्या खात्यावर १०:१० ते ११:३५, म्हणजे ८५ मिनिटं. दुकानाच्या खात्यावर आठवून आठवून 'फोन, १५ मिनिटं'. ८५ मिनिटांच्या सकाळीत मी १०० मिनिटं विकलेली असायची. लबाडीचा हेतू नव्हता, पण प्रकाशक दुकानदाराच्या फोनचे पैसे भरत होता हे खरंच.

आता फोन उचलतानाच वहीत वेळ टाकतो. त्यामुळे एका ओळीच्या तीन होतात: अंक १०:१० ते १०:५०, दुकान १०:५० ते ११:०२, अंक ११:०२ ते ११:३५. अंकाची ७३ मिनिटं, दुकानाची १२. काम बदललं की ओळ बदलायची, एवढाच नियम. टॉगल, क्लॉकिफायसारखी ॲप हेच काम बटणावर करतात, पण बटण दाबायचं आपल्यालाच असतं. टायमर बंद करायला विसरून झोपलो आणि सकाळी एका व्हिजिटिंग कार्डाच्या नावावर ११ तास जमा झालेले पाहिले, तेव्हापासून मी वहीकडे परतलो.

शेजारी आणखी एक रकाना असतो: बिलात धरायचं की नाही. माझ्याच चुकीची दुरुस्ती, बिलं बनवणं, नव्या ग्राहकाला कोटेशन देणं, हे सगळं लिहायचं, पण त्याचे पैसे लावायचे नाहीत. फोन आणि मीटिंग बिलात धरायची का, हे काम घेतानाच ईमेलवर ठरवून टाकावं. नंतर तो विषय काढला की दोघांनाही अवघड होतं.

खरा घोटाळा होतो तो महिनाअखेरीला, वहीतले आकडे एक्सेलमध्ये गेल्यावर. माझा दर तासाला ९०० रुपये. १ तास २० मिनिटांचे १,२०० व्हायला हवेत. पण एक्सेल वेळ साठवतं ती दिवसाचा अंश म्हणून. त्यामुळे 1:20 ला सरळ ९०० ने गुणलं की उत्तर येतं ५०! आधी २४ ने गुणून तास काढावे लागतात. B मध्ये सुरुवात आणि C मध्ये शेवट असेल, तर:

```
=(C2-B2)*24*900
```

बेरजेतही असाच सापळा आहे. महिन्याचे २६ तास ४० मिनिटं झाले, तरी साध्या `h:mm` मध्ये 2:40 एवढंच दिसतं, कारण २४ तास पूर्ण झाले की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. सेलचा फॉरमॅट `[h]:mm` केला की 26:40 दिसतं.

पण तेच २६ तास ४० मिनिटं बिलावर २६.४० असे लिहिले, की मामला बिघडतो. ४० मिनिटं म्हणजे ०.४० तास नव्हे, ०.६७. २६.४० ला ९०० ने गुणल्यास २३,७६० होतात, म्हणजे २४० रुपये गेले. २६.६७ धरल्यास २४,००३, म्हणजे तीन रुपये जास्त. त्यापेक्षा शेवटपर्यंत मिनिटांतच राहावं. १,६०० मिनिटं, मिनिटाला १५ रुपये, चोख २४,०००.

मिनिटांचा हट्ट आणखी एका कारणासाठी. दर नोंद वर ओढून पाव तासाची करायची पद्धत अनेकांकडे आहे. वकिलांमध्ये तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटं, हे माप बरंच चालतं. आधी सांगितलं असेल तर त्यात गैर काही नाही. पण त्याच दुकानाचे एका आठवड्यातले तीन फोन घ्या: ४, ७ आणि ६ मिनिटांचे. एकूण १७ मिनिटं, २५५ रुपये. प्रत्येक फोन १५ चा केला तर ४५ मिनिटं आणि ६७५ रुपये. कामं जितकी बारीक, तितकी ही फुगवटी मोठी. वर ओढायचंच असेल तर नोंदी ओढू नयेत, बेरीज करून एकदाच ओढावं.

बिलावर नुसतं 'डिझाइन, २७ तास' असं लिहिलं की समोरच्याचा अकाउंटंट फोन करणारच. 'तारीख, मुखपृष्ठाचा दुसरा मसुदा, ९५ मिनिटं' असं असेल तर सहसा करत नाही.

पुढचं बिल पाठवण्याआधी मागच्या महिन्यातला कुठलाही एक दिवस काढा. त्या दिवशी सगळ्या ग्राहकांना लावलेली मिनिटं एकत्र मिळवा आणि आपण प्रत्यक्ष किती वेळ कामाला बसलो होतो त्याच्याशी ताडून पाहा. बेरीज जास्त भरली, तर तुम्ही कोणाला तरी पैसे परत देणं लागता.